मस्करीची कुस्करी झाल्यावर: लागलेली थट्टा कशी निस्तरावी

नाशिकला आत्याच्या घरी केळवण होते. वीसेक माणसे जेवायला होती, श्रीखंडाची दुसरी फेरी चालली होती आणि लग्नासाठी कोणाला किती दिवस रजा मिळणार यावर बोलणे आले होते. माझा चुलतभाऊ काही वर्षांपासून घरूनच काम करत असे. त्याच्याकडे बोट दाखवून मी म्हणालो, "याला कसली रजा मागायची? हा बारा महिने रजेवरच असतो, फक्त पगार चालू असतो." सगळे खळखळून हसले. तोही हसला, "हो ना," म्हणाला आणि अर्धे श्रीखंड शिल्लक असलेली वाटी उचलून स्वयंपाकघराकडे निघाला. त्याच्या बायकोने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मग नजर ताटात वळवली. मला यातले काहीच उमगले नाही, म्हणून मी त्याच्या पाठीवर आणखी एक वाक्य टाकले: "अरे पळतोस कुठे, बॉसचा फोन आला की काय?"

त्याची नोकरी पाच आठवड्यांपूर्वी गेली होती. ही गोष्ट त्याची बायको सोडून कोणालाही ठाऊक नव्हती. पलीकडच्या पाटावर जेवत असलेल्या काका-काकूंनाही नाही.

अशा प्रसंगाचा हा लेख आहे. मुद्दाम टोचून बोलण्याचा, छळण्याचा किंवा एखाद्याची सतत टवाळी करण्याचा विषय वेगळा आहे आणि त्याचे उपायही वेगळे आहेत. येथे बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते, त्याला समोरच्याची दुखरी जागा माहीतही नसते, आणि तरीही बाण नेमका वर्मी बसतो. मी अशी थट्टा केली आहे आणि ती माझ्यावर झालीही आहे, म्हणून दोन्ही बाजूंचे जे कळले ते क्रमाने लिहितो.

आधी एक फरक: हेतू आणि माहिती

थट्टा अंगाशी आली की आपल्या तोंडून पहिले वाक्य बाहेर पडते ते म्हणजे "अरे, गंमत केली रे, माझा तसा हेतू नव्हता." हे वाक्य खरे असते, पण त्याचा उपयोग फारसा होत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये थट्टेतील हेतूंवर संशोधन प्रसिद्ध केले. त्याचा गाभा असा की थट्टा करणाऱ्याला आपला निर्मळ हेतू समोरच्याला उघड दिसतो आहे असे वाटत असते, परंतु ज्याची थट्टा होते त्याला तो तितकासा दिसत नाही. आपल्या मनातले आपल्याला ऐकू येत असते. समोरच्याच्या कानावर फक्त शब्द पडतात.

पुढे माझ्या चुलतभावाने जे सांगितले त्यावरून मला याहून बारीक अशी एक गोष्ट कळली. त्या क्षणी माझा हेतू चांगला की वाईट हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नाही. त्याला पडलेला प्रश्न होता, "याला कळले की काय?" पहिल्या वाक्याला तो योगायोग समजला होता, बॉसच्या फोनचे दुसरे वाक्य ऐकल्यावर मात्र मला कुठून तरी बातमी लागली आहे आणि मी ती त्याच्या आईवडिलांसमोर सूचित करतो आहे, अशी त्याची खात्री झाली. दुखरी जागा लपवून वावरणारा माणूस सतत ती उघडी पडण्याच्या धास्तीत असतो, त्यामुळे अजाणता लागलेला धक्काही त्याला जाणून दिलेला वाटतो. म्हणून हेतूचा खुलासा करण्यापेक्षा माहितीचा खुलासा करणे जास्त कामाचे ठरते. तो कधी आणि कसा करायचा ते पुढे येते.

थट्टा करणाऱ्याने: लागले हे ओळखणे

माणूस गंभीर झाला म्हणजे त्याला लागले, असे आपण धरून चालतो, पण ही खूण कच्ची आहे. संभाषणांचा अभ्यास करणारे ब्रिटिश संशोधक पॉल ड्र्यू यांनी १९८७ मध्ये प्रत्यक्ष संभाषणांच्या आधारे दाखवले होते की थट्टा ही थट्टाच आहे हे ओळखूनही लोक पुष्कळदा गंभीर उत्तर देतात आणि वस्तुस्थिती दुरुस्त करतात. "बारा महिने रजेवर" या वाक्यावर एखाद्याने सरळ चेहऱ्याने "नाही हो, सकाळी आठला लॉगिन करावे लागते" असे म्हटले, तर त्याला लागलेच असेल असे नाही. उलट तो उत्तर देतो आहे, म्हणजे विषयाला हात लावण्याची त्याची तयारी आहे.

मला जास्त भरवशाच्या वाटतात त्या खुणा अशा. एक म्हणजे विषयापासून अंग काढून घेणे: वाटी उचलणे, पाणी प्यायला उठणे, फोनवर काहीच आलेले नसताना तो हातात घेणे. दुसरी म्हणजे इतरांच्या आधी विझणारे हसू. ओठ हसतात, डोळे हसत नाहीत. तिसरी खूण सहसा निसटते, कारण ती त्या माणसाच्या चेहऱ्यावर नसून त्याच्या जवळच्या माणसाच्या चेहऱ्यावर असते. त्या दिवशी माझ्या भावजयीने ज्या नजरेने पाहिले, ती मी वाचायला हवी होती. ज्याला लागते तो चेहरा सांभाळतो. ज्याला त्याचे गुपित माहीत आहे तो तितका सावध नसतो.

आपल्याकडे या खुणा वाचणे आणखी अवघड होते, त्याला कारण आहे. काही नात्यांत थट्टेचा परवाना परंपरेनेच दिलेला असतो. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० मध्ये अशा 'थट्टेच्या नात्यां'चे वर्णन करताना म्हटले की त्यांत एकाला चिडवण्याची मुभा असते आणि दुसऱ्याने राग न मानणे अपेक्षित असते. आपल्याकडचे दीर-भावजय आणि मेहुणा-मेहुणी यांचे नाते या वर्णनात सहज बसते. जेथे राग मानण्याचीच सोय नाही, तेथे लागल्याचे दिसणार तरी कसे? अशा नात्यात समोरचा हसला म्हणजे सगळे ठीक आहे, हा निष्कर्ष काढूच नये.

पहिले अर्धे मिनिट

शंका आली की पहिली पायरी म्हणजे तोंड बंद ठेवणे. हे वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात मात्र सभा हसते आहे, आपल्याला दाद मिळते आहे आणि दुसरे वाक्य जिभेवर तयार आहे, अशी ती वेळ असते. मोठे नुकसान बहुधा या दुसऱ्या वाक्याने होते. पहिले वाक्य आंधळेपणाने लागलेले असते; दुसरे मात्र समोरचा विव्हळल्यावर आलेले असते, आणि ते विव्हळणे आपल्याला दिसले असेल असे त्याने धरणे स्वाभाविक आहे.

दुसरी पायरी म्हणजे हसणाऱ्यांचे लक्ष त्याच्यावरून हलवणे. "जाऊ दे, जाऊ दे, त्याला चिडवू नका," असे म्हणून लक्ष हलत नाही, उलट आणखी खिळते. विषय पूर्ण सोडण्याऐवजी त्याच विषयातून बाजूला सरकणारे काहीतरी लागते आणि ते स्वतःवर घेता आले तर उत्तम. मी तेव्हा एवढेच म्हणायला हवे होते: "माझीच रजा अजून मंजूर नाही, मला हळदीला येता येतंय की नाही देव जाणे." चारचौघांचे प्रश्न माझ्याकडे वळले असते. प्रत्यक्षात हे काम माझ्या भावजयीने केले. तिने आत्याला मुहूर्ताची वेळ विचारली.

तिसरी पायरी ही एक मनाई आहे. सर्वांसमोर माफी मागू नये. आपल्याला वाटते की चूक चारचौघांत झाली तर माफीही चारचौघांतच मागावी, आणि अपमानाच्या बाबतीत ते योग्यही आहे. मात्र लपवलेल्या दुःखाला धक्का लागला असेल तर जाहीर माफी त्या जागेकडे मशाल घेऊन जाते. मी त्या पंगतीत "सॉरी रे, तुला वाईट वाटलं का?" असे विचारले असते, तर काकांनी लगेच विचारले असते, "वाईट कशाचं वाटायचं?" आणि पाच आठवडे जपलेली गोष्ट ताटावर येऊन पडली असती. याला अपवाद एकच: दुखरी जागा सर्वांना माहीत असेल आणि सर्वांनाच धक्का जाणवला असेल, तर तेथल्या तेथे "हे बोलायला नको होतं, चुकलं माझं," असे एकच वाक्य बोलून थांबावे. न बोलण्याने तेथे कोंडी होते.

थट्टा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर झाली असेल तर हाच नियम थोडा बदलून लागू होतो. संदेश कोणी वाचला नसेल तर तो सर्वांसाठी डिलीट करावा. डिलीट केल्याची खूण तेव्हाही मागे राहतेच, पण संदेश वाचला गेला असेल तर त्या खुणेवरून "काय होतं?" अशी विचारणा सुरू होते. त्यापेक्षा तो तसाच ठेवून त्यावर दुसरे बोलणे वाहू द्यावे आणि त्या माणसाला वेगळा संदेश करण्याऐवजी फोन करावा.

माफीचे शब्द

माफी कधी मागावी याबाबत घाई न करणे बरे. सिंथिया फ्रँट्झ आणि कोर्टनी बेनिग्सन यांच्या २००५ मधील अभ्यासात लगेच मागितलेल्या माफीपेक्षा थोड्या उशिरा मागितलेली माफी अधिक समाधान देणारी ठरली, कारण तोवर दुखावलेल्या माणसाला आपले म्हणणे ऐकले गेले, समजले गेले असे वाटलेले होते. आमच्या घरगुती प्रसंगात 'उशीर' म्हणजे त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. आठवडा गेला तर समोरचा असे धरून चालतो की तुम्हाला काही वाटलेच नाही.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास फोन केला. रात्रभर घोळवून जे ठरवले होते ते जवळपास तसेच बोललो: "काल पंगतीत मी रजेवरून जे बोललो ते चुकलं माझं, आणि तू उठून गेल्यावर बोललो ते तर नकोच होतं. मला काही माहीत नाही आणि कोणी काही सांगितलेलंही नाही. तू काही सांगायची गरज नाही. तुझ्या कामावरून मी पुन्हा काही बोलणार नाही." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "ठीक आहे रे." त्यानंतर त्याने लग्नाच्या बसची चौकशी केली आणि आम्ही फोन ठेवला.

या चार वाक्यांचा क्रम सहज आलेला नव्हता. पहिल्यात नेमके कोणते शब्द चुकले ते सांगितले आहे, म्हणजे समोरच्याला ते उच्चारावे लागत नाहीत. "चुकलं माझं" हा प्रयोग मी मुद्दाम निवडला, कारण "सॉरी" हा शब्द पाय लागल्यावरही म्हटला जातो आणि "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" यात चूक माझ्या बोलण्यातून निघून त्याच्या वाटण्यात जाऊन बसते. अमेरिकेतील रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीचे सहा घटक तपासले, तेव्हा जबाबदारी मान्य करणे हा सर्वांत वजनदार घटक ठरला आणि क्षमेची याचना सर्वांत हलका. "माफ केलंस ना? सांग ना, केलंस ना?" असा आग्रह आपल्याकडे फार होतो. त्यात दुखावलेल्यावरच आपले मन राखण्याची जबाबदारी येते, म्हणून तो टाळावा.

"मला काही माहीत नाही" हे वाक्य म्हणजे वर उल्लेखलेला माहितीचा खुलासा. ते चुकीची कबुली दिल्यानंतरच यावे; आधी आले तर ते बचावाचे वकीलपत्र वाटते. ते खरे असेल तरच बोलावे हेही ओघाने आले. तुमच्या कानावर काही आले असेल तर हे वाक्य सरळ गाळावे आणि "ही गोष्ट माझ्याकडून पुढे जाणार नाही" असे म्हणावे. चौथ्या वाक्यात पुढची हमी आहे आणि ती नेमकी आहे. "आता मी कधीच थट्टा करणार नाही" अशी हमी दिली तर समोरच्याला आपण नात्यातली मजाच घालवली असे वाटते, आणि ती हमी कोणी पाळतही नाही.

फोनवरचे "ठीक आहे रे" म्हणजे सर्व काही मिटले असे मी तेव्हा समजलो नाही, आणि ते बरेच झाले. नेमके काय लागले ते विचारायचा मोह मला पुढच्या दोन भेटींत झाला. "काही प्रॉब्लेम आहे का रे?" हा प्रश्न काळजीचा असतो, पण त्यात आपले कुतूहलही मिसळलेले असते आणि ते समोरच्याला बरोबर कळते. बाराव्या दिवशी लग्नघरच्या गच्चीवर खुर्च्या मोजताना त्याने आपणहून सगळे सांगितले. त्याने सांगितलेच नसते, तरी माझे काम फोन ठेवतानाच पूर्ण झाले होते.

ज्याला लागले त्याने

आता दुसरी बाजू. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका गावात वाढलो. आमच्याकडे 'ण'चा 'न' होतो. पाणी म्हणजे पानी, लोणी म्हणजे लोनी. कॉलेजात असताना एका तोंडी परीक्षेत परीक्षकांनी मला 'बाण' हा शब्द तीनदा म्हणायला लावला होता आणि शेजारच्या परीक्षकांकडे पाहून ते हसले होते. पुढे पुण्यात नोकरीला लागल्यावर मी 'ण' घोटून घोटून बसवला, पण भूक लागलेली असताना किंवा घाईत जुना उच्चार निसटतोच. एकदा डबा खाताना मी "जरा पानी दे," म्हणालो. ज्याच्याशी माझे चांगले जमत असे तो सहकारी म्हणाला, "पानी इथं मिळत नाही, जळगावहून मागवावं लागेल." टेबलावरचे सहाही जण हसले. माझे कान तापले.

मी तेव्हा जे केले ते करू नये, हे सांगण्यासाठीच हा प्रसंग लिहितो आहे. मीही हसलो, आणि चेहरा वाचवण्यासाठी स्वतःच भर घातली: "पानीच नाही, लोनीपन मागवा!" त्या दिवसापुरता मी सुटलो, पण त्या एका वाक्याने मी सर्वांना परवाना देऊन टाकला. पंधरा दिवसांत तो टेबलावरचा ठरलेला विनोद झाला आणि दर वेळी पुढची ओळ माझ्याकडूनच अपेक्षित असे. आपल्या उण्यावर आपणच आधी हसावे म्हणजे दुसऱ्यांचे हसणे बोथट होते, असा सल्ला सर्रास दिला जातो. जी जागा बरी झाली आहे तिच्याबाबत तो खरा आहे. ओल्या जखमेबाबत मात्र तो उलटा पडतो, कारण ऐकणाऱ्याला त्यातून एकच गोष्ट कळते, ती म्हणजे येथे दुखत नाही.

मग पहिल्या क्षणी करावे काय? शक्य तितके कमी. हसू आले नाही तर आणू नये. आलेच तर ते लवकर संपू द्यावे. भर घालू नये. शब्दांपुरते साधे उत्तर द्यावे आणि आपल्याला हवा तो विषय काढावा: "हो, मिळेल तिथून दे. बरं, तीनच्या मीटिंगचं काय झालं?" थट्टेला इंधन मिळाले नाही की ती बहुधा विझते. विषय लांबतच गेला तर "हे राहू दे आता," असे आवाज न चढवता एकदा म्हणावे. त्याहून जास्त तेथे करू नये, कारण चारचौघांत भडकले की लगेच "एवढं काय झालं?" असा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर म्हणजे नेमकी तीच गोष्ट असते जी आपल्याला सांगायची नसते. उलटवार करण्याची ऊर्मीही येते. समोरच्याचे पोट, त्याचे रखडलेले लग्न हे सगळे आपल्याला माहीत असते. फरक एवढाच की त्याने अजाणता मारले आणि आपण जाणून मारणार. मग माफी कोणी मागायची हेच उलटते.

त्यानंतर एक रात्र जाऊ द्यावी आणि स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. याला माहीत होते का? आणि मी याला पूर्वी कधी सांगितले होते का? दोन्हींचे उत्तर 'नाही' असेल तर ही अजाणता लागलेली थट्टा आहे, मग ती कितीही खोल लागलेली असो. वेदना किती झाली यावरून बोलणाऱ्याचा दोष मोजला जातो तेथे गफलत होते. माझ्या सहकाऱ्याच्या वाक्याचे वजन चिमूटभर होते. बाकीचा भार त्या परीक्षकांचा होता आणि तो मी त्याच्या खात्यावर लिहीत होतो.

सांगायचे कसे

तीन आठवड्यांनी मी त्याला पार्किंगमध्ये गाठले. तो हेल्मेट घालत होता, मी किल्ली शोधत होतो. समोरासमोर बसून, "मला तुझ्याशी बोलायचंय" असे जाहीर करून अशा गोष्टी जड होतात. हाताला दुसरे काम असले की वाक्य हलके बाहेर पडते. मी म्हणालो, "एक सांगतो. त्या न-ण वरून मला बोलू नकोस. बाकी कशावरूनही खेच, पण हे मला लागतं."

तो हेल्मेट हातात धरून म्हणाला, "अरे, पण तूच तर करत होतास!"

त्याचा मुद्दा बरोबर होता. लागलेल्याने बोलायचे ठरवले की बहुधा येथेच गाडी रुळावरून घसरते: आपण आपली बाजू सिद्ध करायला जातो, जुने दाखले काढतो आणि "तू नेहमीच" असे सुरू होते. मी एवढेच म्हणालो, "हो, मीच करत होतो. आता नको." तो म्हणाला, "बरं." परीक्षकांची गोष्ट मी त्याला सांगितली नाही. कारण सांगणे बंधनकारक नसते हे फार जणांच्या लक्षात येत नाही. कुठे पाय ठेवू नये हे सांगितले की पुरते, तिथे काय पुरले आहे ते दाखवावे लागत नाही. माझ्या बोलण्यातले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. "बाकी कशावरूनही खेच" यामुळे त्याला आपल्यावर दार बंद झाले असे वाटले नाही, फक्त एक खोली बंद झाली.

पुढच्या आठवड्यात सवयीने त्याच्या तोंडातून "पा–" एवढे आले आणि त्याने जीभ चावली. अशी एखादी चूक हिशेबात धरू नये. टेबलावरच्या बाकीच्यांना मी काहीच सांगितले नाही. त्यांनी विषय काढला की तोच दुसरीकडे वळवू लागला आणि महिन्याभरात विनोद शिळा होऊन गेला. पहिली ठिणगी टाकणाऱ्यालाच सांगणे बरे, हे मला त्यातून कळले. मात्र स्पष्ट सांगितल्यानंतरही तेच पुन्हा, त्याच सुरात आणि प्रेक्षक जमवून येत असेल, तर तो अपघात उरत नाही आणि या लेखातली एकही पायरी तेथे लागू पडत नाही.

जेथे थेट सांगता येत नाही

वरिष्ठांच्या किंवा सासरच्या माणसांच्या बाबतीत पार्किंगमधले वाक्य बोलणे सोपे नसते. नव्या सुनेला दिराने किंवा नणंदेने रंगावरून, माहेरच्या परिस्थितीवरून किंवा 'गोड बातमी'वरून चिडवले, तर तिने हसून सोडावे अशीच अपेक्षा असते. येथे नवऱ्याने बोलायला हवे, पण कसे, ते महत्त्वाचे. "तिला वाईट वाटलं" असा निरोप पोचवला की ती 'मनाला लावून घेणारी' ठरते आणि पुढची थट्टा त्यावरूनच सुरू होते. त्याने स्वतःच्या नावावर बोलावे: "मुलाबाळांचा विषय आमच्याकडे काढू नका, मला आवडत नाही." यातून दुखरी जागा कोणाची आहे हेही झाकलेले राहते.

वरिष्ठांशी बोलताना भावनेऐवजी कामाचा धागा धरावा. "मीटिंगमध्ये माझ्या इंग्रजीवर बोलणं झालं की मी पुढचा मुद्दा मांडायला कचरतो, तेवढं टाळता आलं तर बरं होईल," असे वाक्य एकांतात, बेताच्या आवाजात बोलता येते आणि समजूतदार वरिष्ठाला पुरते. समजूतदार नसलेल्याला ते पुरत नाही आणि त्यावर माझ्याकडे गोड उपाय नाही.

पुन्हा थट्टा सुरू करताना

लागलेली थट्टा निस्तरल्यावर काही दिवस दोघेही एकमेकांशी जपून, फार सभ्यपणे बोलतात. हा सभ्यपणा थट्टेपेक्षा जास्त दुरावा आणतो असे माझे मत आहे, पण तो मोडण्याचा मान ज्याला लागले त्याचा असतो. थट्टा करणाऱ्याने आपणहून "चल, आता चिडवू का?" असे करू नये. वाट पाहावी, आणि त्याने आपल्यावर पहिली टपली मारली की ती मनापासून घ्यावी.

माझ्या चुलतभावाला पुढे चार महिन्यांनी दुसरी नोकरी लागली, तीही रोज कार्यालयात जाण्याची. दिवाळीच्या फराळाला सगळे जमलो असताना मी चकलीचा तिसरा डबा उघडत होतो, तेव्हा तो भर घोळक्यात मला म्हणाला, "हळू खा, बॉसचा फोन आला तर बोलणार कसा?" काका-काकूंना त्यातले काही कळले नाही. भावजयीने माझ्याकडे पाहिले, आणि या वेळी ती नजर मला वाचता आली.